भेट परत केली, पण नोंद कुठे आहे?

निविदेचे मूल्यांकन चालू असताना एखाद्या बोलीदाराने पाठवलेली भेट परत केली की कनिष्ठ अभियंत्याचे काम संपले, असे आपल्याकडे मानले जाते. ‘मी घेतले नाही’ हे वाक्य पुरेसे वाटते. मला ते पुरेसे वाटत नाही. भेट नाकारणे ही त्या अभियंत्याची स्वतःपुरती शुचिता झाली. प्रकल्पाशी त्याचे जे इमान आहे, त्यासाठी आणखी एक गोष्ट लागते. भेट आली होती ही बाब आर्थिक लिफाफा उघडण्याआधी लेखी स्वरूपात समितीच्या नोंदीत गेली पाहिजे. असे का, हे पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात फार दूर शोधावे लागत नाही.

१८ ऑगस्ट २०२१ रोजी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मुख्यालयात सापळा लावला आणि स्थायी समितीच्या तत्कालीन अध्यक्षांसह कार्यालयातील कर्मचाऱ्यांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली. तक्रारदार जाहिरात फलकांच्या व्यवसायातला ठेकेदार होता आणि रक्कम १ लाख १८ हजार रुपयांची होती. दोष ठरवणे न्यायालयाचे काम आहे, म्हणून त्या खटल्याबद्दल अधिक बोलत नाही. पण अशी प्रकरणे बाहेर येतात ती बहुधा तक्रारदार पुढे आला म्हणून, आणि तोवर नोटा हातात पडलेल्या असतात. मूल्यांकनाच्या टप्प्यावर पैशाची भाषा सहसा बोलली जात नाही. तिथे मिठाईचा खोका येतो.

एक उदाहरण कल्पून पाहू. महापालिकेला रस्त्याच्या कामासाठी प्रकल्प सल्लागार नेमायचा आहे. तांत्रिक गुणांना ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन आहे. समितीत तिघे आहेत, त्यांतला सर्वांत कनिष्ठ एक अभियंता. दिवाळीच्या आधी एका बोलीदार कंपनीचा माणूस त्याच्या निगडीच्या घरी जातो. अभियंता साइटवर आहे. दार आई उघडते. ‘साहेबांना सांगा, आमच्याकडून शुभेच्छा,’ एवढे म्हणून तो खोका तिच्या हातात ठेवतो आणि निघून जातो. संध्याकाळी वरचा काजूकतलीचा थर काढला तर खाली एका मोठ्या दुकानाचे गिफ्ट व्हाउचर निघते. अभियंत्याने काहीच मागितलेले नाही आणि त्याच्याकडेही कुणी काही मागितलेले नाही.

आता गुणपत्रक पाहू. पहिल्या कंपनीचे तांत्रिक गुण ८२ आणि दर ९६ लाख, तर भेट पाठवणाऱ्या दुसऱ्या कंपनीचे गुण ७८ आणि दर ९० लाख. सर्वांत कमी दराला १०० गुण धरले तर ९६ लाखांना ९३.७५ मिळतात. एकत्रित हिशेबात पहिली कंपनी ८५.५ च्या आसपास आणि दुसरी ८४.६ वर राहते, म्हणजे पहिली एका गुणापेक्षाही कमी फरकाने पुढे असते. तांत्रिक गुण तिघांच्या सरासरीने निघतात. आपल्या अभियंत्याने ‘कामाची समज आणि कार्यपद्धती’ या २० गुणांच्या रकान्यात पहिल्या कंपनीला तीन गुण कमी आणि दुसरीला तीन गुण जास्त दिले, तर सरासरी एकेका गुणाने हलते. पहिली ८४.८ वर येते, दुसरी ८५.३ वर जाते आणि काम फिरते. २० पैकी १५ दिले की १२, हे त्या रकान्यात कुणी सिद्ध करू शकत नाही. आणि दर अजून बंद लिफाफ्यात असल्याने आपले तीन गुण निकाल फिरवतील की नाही, हे गुण देताना त्या अभियंत्यालाही माहीत नसते. ‘मिठाईने माझे मत थोडेच बदलणार?’ हा पहिला आक्षेप इथेच लंगडा पडतो. मत बदलले की नाही हे स्वतःलाही कळत नाही, इतकी ती जागा निसरडी आहे.

कायद्याने हे ओळखले आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम ११ नुसार, ज्याचे काम आपल्यापुढे आहे किंवा येण्याची शक्यता आहे अशा माणसाकडून मोबदला न देता गैरलाभ घेणे हाच लोकसेवकाचा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आहे. बदल्यात काही केले की नाही, हा प्रश्नच तिथे मुळात येत नाही. महापालिकेचा अभियंता लोकसेवकाच्या व्याख्येत येतो. चाकणच्या मोटार कारखान्यात जिग-फिक्स्चरचा पुरवठादार निवडणारा अभियंता येत नाही. त्याला कंपनीची आचारसंहिता लागू होते आणि तीत अनेकदा भेटीच्या रकमेची मर्यादा असते. त्या मर्यादेवर विसंबणे धोक्याचे आहे. एरवीच्या व्यवहारात चालणारी डायरी-कॅलेंडरची भेटसुद्धा कोटेशनांची तुलना चालू असताना चालू नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अभियंत्याने खोका गुपचूप परत केला, मग कागद कशाला? कागद तीन कारणांनी हवा. एक, त्या कंपनीने उरलेल्या दोघांच्या घरी काय पाठवले, हे त्याला माहीत नाही. त्याच्या नोंदीमुळेच अध्यक्षांना इतरांना विचारता येते. दोन, केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधल्या सचोटीच्या संहितेप्रमाणे खरेदी प्रक्रियेत गैरफायद्यासाठी भेट देऊ करणे हाच भंग आहे. राज्यातल्या निविदांतही तशी अट घालता येते, पण तिचा वापर करायला नोंद लागते. तिसरे कारण सहसा कुणी बोलत नाही. परत करणारा माणूस स्वतःचे स्वच्छपण दाखवण्यासाठी त्या कंपनीला नकळत कमी गुण देऊ शकतो. कदाचित तो खोका एखाद्या उत्साही विक्री प्रतिनिधीने परस्पर पाठवला असेल. त्या कंपनीलाही न्याय मिळायला हवा. म्हणून अभियंत्याने समितीत राहायचे की नाही, हे त्याने एकट्याने ठरवू नये. अध्यक्षांनी ठरवावे आणि कारण लिहावे.

प्रत्यक्षात हे फार अवघड नाही. उघडलेल्या खोक्याचा फोटो, कुणी, कधी, कुणाच्या हातात दिले याच्या चार ओळी, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना पत्र आणि आवक क्रमांक. खोका परत करताना पोच घ्यावी. कंपनीच्या माणसाला फोन करून समजावत बसू नये, कारण त्या संभाषणाचा अर्थ नंतर कसाही लावता येतो. थेट पैशाची भाषा आली, तर लाचलुचपत विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

‘कनिष्ठाने हे धाडस करायचे आणि बदली त्याचीच व्हायची,’ हा तिसरा आक्षेप मी खोडू शकत नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी २००२ मध्ये सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. ते पत्र नावासकट अनेक कार्यालयांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. सीबीआयने तपासाअंती हत्येमागे लूट असल्याचे म्हटले. तरी नाव उघड करण्याचा गुन्हा व्यवस्थेचाच होता. म्हणून एकट्या कनिष्ठाकडून धैर्याची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. नोंद करणे हा अपवाद न राहता रिवाज झाला, तर नोंद करणारा वेगळा दिसणार नाही.

तेव्हा महापालिकेने आणि चाकणच्या कंपन्यांच्या खरेदी विभागांनी एवढे तरी करावे. तांत्रिक गुणपत्रकावर प्रत्येक सदस्याच्या सहीच्या वर एक ओळ छापावी: ‘या निविदेच्या काळात मला किंवा माझ्या घरी कोणत्याही बोलीदाराकडून काही आले आहे / आलेले नाही.’ सर्वांनी ती भरल्याशिवाय आर्थिक लिफाफा उघडू नये.