चौघांचं पातेलं

आमच्या उधव्याच्या बाजारात सुकट-बोंबलाचा वास दरवळत असतो, पण तिथे शाकाहारी राहणं आमच्या घराला कधी जड गेलं नाही. कशात काय आहे ते विचारता येतं, आणि सांगणाराही ओळखीचा असतो. भाची शिकायला जर्मनीत गेली तेव्हा भाज्या तिथे ढिगानं मिळाल्या. मिळाला नाही तो हा सांगणारा. मसुराचं सूप म्हणून घेतलं, तर त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. मऊ गोळ्यांत जिलेटिन, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण. पाकिटामागचे पाचसहा जर्मन शब्द तिनं आधी पाठ केले, अभ्यासाची पुस्तकं नंतर उघडली.

व्हिसासाठी बँकेत अडकवलेल्या पैशांतून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. भाडं, विमा वगैरे जाऊन जेवणाला तिनं २०० ठेवले. पहिल्या महिन्यात देशी दुकानातून तूरडाळ, पोहे, गोडा मसाला असं ९० युरोंचं सामान आणलं आणि तरी बाहेर १३० उडाले. हिशेब तपासला तेव्हा कळलं, पैसे चैनीत गेले नव्हते, कंटाळ्यात गेले होते. प्रयोगशाळेतून रात्री आठला परतल्यावर एकटीसाठी कुकर लावावासा वाटेना, आणि रविवारी तिथली दुकानं बंद. मग सहा-सात युरोंचा फलाफल. वर घरी आणलेली कोथिंबीर फ्रिजमध्ये काळी पडायची. एकट्याच्या स्वयंपाकात स्वस्त सामानही असं महाग होतं.

आम्ही इथून ‘घरीच करून खा’ म्हणत होतो. ते निम्मंच खरं निघालं. विद्यापीठाच्या खाणावळीत शाकाहारी थाळी तिला साडेतीन युरोंना पडते. वीस दुपारचे झाले ७०. रात्रीसाठी तिनं तिघांशी पातेलं जोडलं: एक नाशिकची, एक वलसाडचा, एक तेलुगू मुलगी. माणशी आठवड्याला २५, म्हणजे महिन्याचे १००. तूरडाळीऐवजी कोणत्याही दुकानात मिळणारी लाल मसूर, चक्क्याऐवजी क्वार्क. त्याचं श्रीखंड बरं होतं म्हणे, फक्त आधी फडक्यात टांगून पाणी काढावं लागतं. उरलेल्या ३० युरोंत महिन्यातून एकदा बाहेर डोसा.

भांडणं होतातच. वलसाडकर वरणात गूळ जास्त घालतो, भांडी घासायची पाळी चुकवतो. पण आमच्या तालुक्याला गुजरात लागूनच असल्यानं भाचीला त्याची गुजराती कळते. ओळखीची माणसं म्हणजे महाराष्ट्र मंडळ, असं मी धरून चाललो होतो. लंडनचं मंडळ तर १९३२ पासूनचं. भाची तिच्या शहरातल्या मंडळात गणपतीला जाऊन आली, मोदक खाल्ले, फोटो पाठवले. पण ताप आला त्या रात्री दाराशी मऊ भाताचा डबा ठेवून गेला तो वलसाडचाच.

भातात गूळ नव्हता, हे तिनं फोनवर मुद्दाम सांगितलं.