गर्दीचे शब्द कुणी म्हणायचे?

लोणावळा-खंडाळ्याच्या घाटमाथ्यावरचे कॅथलिक भाविकही, जगभरच्या कॅथलिकांप्रमाणे, झावळ्यांच्या रविवारी हातात आशीर्वादित झावळी घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये शिरतात. येशू यरुशलेमेत आला तेव्हाच्या जयघोषाची ती आठवण. त्याच मिस्सेत येशूच्या दुःखसहनाची कथा वाटून वाचली जाते. एक जण निवेदक होतो, येशूचे शब्द सहसा धर्मगुरू म्हणतात आणि गर्दीचे शब्द बहुतेक ठिकाणी समोरचे भाविक. बरब्बाला सोडा आणि येशूला क्रूसावर चढवा, ही मागणी हातातली झावळी खाली न ठेवता त्यांनाच करावी लागते. त्याच आठवड्यातल्या गुड फ्रायडेच्या शुक्रवारी योहानाच्या शुभवर्तमानातून ही कथा पुन्हा वाचतात, तेव्हाही तसेच.

या योजनेत मला फार मोठे शहाणपण दिसते. दोष दुसऱ्या कुणावर टाकायला इथे जागाच उरत नाही. पण चर्चच्या इतिहासात तो टाकला गेला. क्रूसावर खिळणे ही रोमन शिक्षा, हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा, येशू स्वतः यहुदी, त्याची आई आणि शिष्यही यहुदी. तरीही युरोपात शतकानुशतके साऱ्या यहुदी समाजाला मारेकरी ठरवले गेले आणि याच शुक्रवारच्या सुमारास त्यांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. शुक्रवारच्या प्रार्थनेतही त्यांच्यासाठी अविश्वासू असे विशेषण होते. ते पोप तेविसावे जॉन यांनी 1959 मध्ये काढले. 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले, की येशूच्या मृत्यूचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर ठेवता येणार नाही. 1970 च्या उपासनाग्रंथात तर ही प्रार्थना, देवाचा शब्द ज्यांनी प्रथम ऐकला त्यांच्यासाठीची झाली.

खंडाळ्याचा घाट उतरला की ज्या कोकणात आपण पोचतो, तिथे बेने इस्रायल यहुदी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटले. त्या नावात हेटाळणी नव्हती, शेजाऱ्याच्या रिवाजाची नोंद होती. ख्रिस्ती युरोपला जे इतक्या उशिरा उमगले, ते कोकणातल्या या खेड्यांना कुणी शिकवावे लागले नाही, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

दोष न टाकण्याचे हेच शहाणपण ईस्टरच्या कथेतही आहे. त्या पहाटे रिकामी कबर प्रथम दिसली ती स्त्रियांना. पळून गेलेले शिष्य तेव्हा दारे लावून बसले होते. त्याच संध्याकाळी येशू त्यांच्यात आला आणि त्याने त्यांना शांती चिंतली. कोण पळाले, कुणी नाकारले, याची विचारणा नाही. पेत्राने त्याला तीनदा नाकारले होते. पुढे सरोवराच्या काठी येशूने त्याला तीनदा एवढेच विचारले, माझ्यावर प्रेम आहे का? आणि आपली मेंढरे त्याच्या हवाली केली.