दोन पावलं मागे

कोपरीतल्या एखाद्या देवळाचा सभामंडप मनासमोर आणा. उभ्या स्टँडवर एकच माइक, वर पंखे, फरशी आणि भिंती उघड्या. नारदीय कीर्तन चाललं आहे. पूर्वरंगात बुवा माइकजवळ उभे राहून निरूपण करतात. उत्तररंगात आख्यान सुरू झालं की पाय मोकळे होतात. एक पाऊल मागे, मान पेटीवाल्याकडे, पुन्हा पुढे. घरी बसून तुम्ही या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण ऐकत आहात. पट्टीवरच्या लाटा मध्येच बारीक झालेल्या दिसतात. हात लगेच कीफ्रेमकडे जाईल, पण थोडं थांबा. पडद्यावरून नजर काढा आणि तेवढा तुकडा पुन्हा ऐका.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: बुवा दूर गेले, की त्यांनी आवाज खाली घेतला? लाटेची उंची याचं उत्तर देत नाही. उत्तर मिळतं शब्द संपल्यानंतर मंडपात उरणाऱ्या घुमाऱ्यात. बुवा जागेवरच राहून हळू बोलले, तर शब्दाबरोबर त्याचा घुमाराही तेवढाच कमी होतो. ते मागे सरले, तर थेट येणारा शब्द बारीक होतो आणि भिंतींवरून परतणारा जवळपास तेवढाच राहतो. तेव्हा शब्द मंडपात विरघळल्यासारखा लागतो. जवळून मिळणारा खर्जाचा भरही जातो, कारण कीर्तनासाठी सहसा वापरतात तो माइक तोंड जवळ आलं की खालचे स्वर फुगवतो.

दूर गेले असतील तरच पुढे जा. करुण प्रसंगात बुवांनी मुद्दाम खाली घेतलेला आवाज उचलू नका. तिथली आवाजाची रेषा सपाट राहू द्या.

आता एक ओळ घेऊ. बुवा माइकपासून वीतभर, म्हणजे साधारण 20 सेंटिमीटरवर आहेत. बोलता बोलता ते 80 सेंटिमीटरवर जातात. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. इथे ते दोनदा दुप्पट झालं, म्हणून 12 डेसिबल. हिशेब 12 चा असला तरी भरून 7-8 च काढा. रेषा उचलली की पंख्याची घरघर आणि मंडपाचा घुमाराही तेवढाच वर येतो. पूर्ण 12 भरले, तर बुवा जवळ येत नाहीत, मंडपच कानाशी येतो. दूर गेलेला माणूस थोडा दूरच ऐकू आला तर कानाला ते खरं वाटतं.

कीफ्रेमचे बिंदू कुठे ठेवायचे, यावर जरा रेंगाळू या. पहिला बिंदू पाऊल उचललं जातं तिथे, दुसरा ते थांबतं तिथे, म्हणजे एक-दीड सेकंदाचा चढ. परत येताना तसेच आणखी दोन. डाव्हिन्ची रिझॉल्व्हमध्ये Alt दाबून आवाजाच्या रेषेवर क्लिक केलं की बिंदू उमटतो. नवख्या हाताला वाटतं, चढ दोन शब्दांमधल्या शांततेत लपवावा. पण त्या शांततेत पंखा उघडा असतो. तिथे रेषा चढवली, तर घरघर फुगताना स्पष्ट ऐकू येते. चढ शब्दांखालीच हवा. आवाज उतरत असताना रेषा चढते, दोन्ही एकमेकांना पुरतात आणि पंख्याची वाढ शब्दांच्या आड जाते. पाऊल झांजेच्या वेळी किंवा विरामात पडलं असेल, तर पुढच्या शब्दाच्या सुरुवातीच्या ‘क’, ‘ट’, ‘प’ सारख्या फुटणाऱ्या व्यंजनाखाली तो चढ आवळून बसवा. लांबवलेल्या ‘आ’च्या मध्यावर, बुवा स्थिर उभे असताना मात्र कधीच नको. तिथे स्वर श्वास घेतल्यासारखा फुगतो.

आकाशवाणीच्या स्टुडिओत हे काम फेडरवरचं बोट करत असे. पण थेट प्रक्षेपणात बोट आवाजाच्या मागूनच धावणार. इथे पाऊल कधी पडणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे. म्हणून बिंदू थोडे ठेवा. एका सरकण्याला चार पुरतात. प्रत्येक शब्दाला बिंदू द्यायला लागलात, तर बोलण्याचा चढउतारच खोडला जाईल.

कॉम्प्रेसर लावायचा असेल, तर ही रेषा त्याच्या आधी लागू व्हायला हवी, म्हणजे त्याच्याकडे सारखा आवाज पोचतो. नंतर लावलीत, तर जवळचे शब्द आधीच दबलेले असतील आणि तुमचा 7-8 चा अंदाज चुकेल.

आता पडदा बंद करा आणि आवाज अगदी कमी ठेवून ओळ ऐका. पंखा आत-बाहेर होतोय का? होत असेल, तर वरचे दोन बिंदू एक-दोन डेसिबलने खाली आणा. ठाण्याकडे जाणाऱ्या लोकलचा हॉर्न नेमका त्याच ओळीत सापडला असेल, तर आणखी खाली आणा. तो हॉर्न मुळात मोठा असतो आणि तुम्ही उचललेली रेषा त्यालाही उचलते. थोडा दूर राहिलेला शब्द ऐकणारा समजून घेतो, पण हॉर्नखाली गेलेला शब्द कुठल्याच रेषेने परत येत नाही.