गळाले की बदलले?

घाटातल्या पक्ष्यांवरच्या लिखाणात एक सांगणे हमखास असते: पायथ्याला इतक्या जाती, माथ्यावर इतक्या, दोन्ही याद्यांत इतके टक्के साम्य. पाठोपाठ निष्कर्ष येतो की उंचीनुसार पक्षिजीवन बदलते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्याला जंगल राखायचे आहे त्याला ते चुकीच्या वाटेला लावू शकते. कारण माथ्यावरची यादी वेगळी दोन कारणांनी असू शकते. पायथ्याच्या काही जाती वर पोहोचल्याच नाहीत आणि उरलेल्या त्याच आहेत, हे एक कारण. खालच्या जाती संपून त्यांच्या जागी दुसऱ्याच आल्या, हे दुसरे. पहिल्याला मी अंतर्भाव म्हणतो, कारण गरीब यादी श्रीमंत यादीच्या पोटात बसते. दुसरा जातिपालट. टक्केवारीचा एकच आकडा या दोघांना एकाच पोत्यात भरतो.

जागांमधल्या फरकाला बीटा विविधता हे नाव व्हिटेकरने 1960 साली दिले. त्यानंतर अर्धशतकात या फरकाचे अनेक मापदंड निघाले. अंद्रेस बासेल्गाने 2010 मध्ये तो फरक दोन भागांत तोडून दाखवला आणि त्याची पद्धत आज जगभर वापरली जाते. तिचा गाभा साध्या बेरीज-वजाबाकीत दिसतो. पुढचे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, कुठल्या पाहणीतले नाहीत.

पायथ्याला 60 जाती, माथ्यावर 40, आणि माथ्यावरच्या सगळ्या 40 पायथ्यालाही आहेत असे धरा. एकाच ठिकाणी आढळलेल्या जाती 20. दोन्ही याद्यांची बेरीज 100. म्हणून सोरेन्सनच्या मापाने फरक 0.20. आता दुसरी जोडी घ्या. दोन्हीकडे 50 जाती, सामाईक 40, प्रत्येकीच्या स्वतःच्या 10. एकाच ठिकाणच्या जाती पुन्हा 20, बेरीज पुन्हा 100, फरक पुन्हा 0.20. आकडा तोच, पण पहिल्या जोडीत माथ्याची स्वतःची म्हणावी अशी एकही जात नाही, तर दुसरीत दोन्हीकडे दहा-दहा आहेत. बासेल्गा जातिपालट मोजताना कमी जातींची जागा घेतो आणि विचारतो की तिच्यातल्या किती टक्के जाती दुसरीकडे नाहीत. पहिल्या जोडीत उत्तर शून्य, दुसरीत 50 पैकी 10, म्हणजे 0.20. एकूण फरकातून हे वजा केले की उरते ते अंतर्भावामुळे आलेले वेगळेपण: पहिल्यात 0.20, दुसऱ्यात शून्य.

या पद्धतीवर पोडानी आणि श्मेरा यांनी 2011 मध्ये आक्षेप घेतला, आणि आजही अनेक अभ्यासक त्यांच्या बाजूने आहेत. त्यांचे म्हणणे असे की फरकाचे भाग जातींच्या बदलीत आणि संख्येच्या तफावतीत पाडावेत, कारण संख्येची तफावत ही स्वतंत्र घटना आहे. आकड्यांत हे साधे वाटते, पण अर्थ फिरतो. पायथ्याला 60, माथ्यावर 20, सामाईक 10 अशी जोडी घ्या. पोडानींच्या हिशेबात एकूण 70 जातींपैकी 60 एकाच ठिकाणच्या. त्यांतली बदली 20 आणि संख्येची तफावत 40. म्हणजे फरकाचा दोन-तृतीयांश भाग निव्वळ संख्येचा. बासेल्गाच्या हिशेबात एकूण फरक 0.75, त्यातला जातिपालट 0.50. म्हणजे दोन-तृतीयांश जातिपालट. एकाच जोडीवर दोन उलटे निवाडे.

कोणता बरोबर, हे माथ्यावर उभे राहून ठरवा. तिथल्या 20 जातींपैकी 10 पायथ्याला नाहीतच. अशा जागेला 'पायथ्याचीच, फक्त जाती थोड्या' म्हणणे मला पटत नाही. पुढे जाऊन एकही जात सामाईक नसलेली जोडी घ्या: एकीकडे 60, दुसरीकडे 20. पोडानींच्या पद्धतीत इथेही निम्मा फरक संख्येच्या तफावतीतला ठरतो. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या याद्यांत 'कमी' आणि 'जास्त' हा मुद्दा कुठून येतो? संख्येची तफावत मोजणे गैर नाही, तो खरा प्रश्न आहे. पण तिला अंतर्भावाच्या जागी बसवले की घाटमाथ्याच्या स्वतःच्या जाती हिशेबात झाकल्या जातात. म्हणून माझा कौल बासेल्गाला. दोन्ही पद्धती फरकाचे भागच पाडतात, तेव्हा कोणतीही चालेल, असे म्हणणाऱ्यांनी वरचा दाखला पुन्हा वाचावा.

आता आपल्या डोंगराकडे. सुरुवात बेळगुंदीपासून करू. हे गाव बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप जलाशयाजवळ. तिथून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत गोव्यातल्या केरीला उतरले की घाटाचा काप संपतो. पुस्तकातला उंचीचा उतार एका दिशेने चढतो, आपला तसा नाही. केरी ते चोर्ला चढताना उंची आणि पाऊस दोन्ही वाढतात. माथा ओलांडून पूर्वेला बेळगावकडे यावे तर उंची साडेसातशे मीटरांच्या आसपासच राहते, पण पाऊस झपाट्याने घटतो: घाटमाथ्यावर हजारो मिलिमीटर, बेळगावात सव्वा हजाराच्या घरात. म्हणून केरी–चोर्ला आणि चोर्ला–बेळगुंदी या दोन जोड्या वेगळ्या मोजायला हव्यात. दुसऱ्या जोडीतला जातिपालट उंचीच्या खात्यावर टाकला तरी तो पावसाचा आणि शेतीचा असेल. पठारावर टिटवी आणि चंडोल, ओल्या जंगलात कर्णा आणि धनेश, ही बदली उंची न बदलताच होते.

बासेल्गाच्या पद्धतीची एक मर्यादाही इथेच दिसते. ओल्या बाजूला शिपाई बुलबुल जास्त, कोरड्या बाजूला लालबुड्या, पण दोन्ही याद्यांत दोघांचीही नावे येऊ शकतात. आहे-नाही मोजणाऱ्या हिशेबाला हा बदल दिसत नाही. तो संख्येने मोजावा लागतो.

सर्वांत मोठी फसगत मात्र खोट्या अंतर्भावाची. पायथ्याला बरेच तास दिले, माथ्यावर धुक्यात थोडे, तर माथ्याची यादी तोकडी होते. तिच्यात साधारणपणे सगळीकडे दिसणारेच पक्षी उरतात, आणि ते पायथ्यालाही असतात. मग यादी आपोआप पायथ्याच्या पोटात बसते आणि आपण निसर्गाचा नियम सापडल्यासारखे लिहितो. ओळखायचे कसे? आधी दोन्हीकडचे तास समान करून हिशेब पुन्हा करावा. एकदाच दिसलेल्या जातींचा वाटा मोठा असेल तर यादी अपुरी आहे. मग गळालेली नावे वाचावीत. गळालेल्यांत रात्री बोलणारे आणि दिवसा वाळक्या पानासारखे फांदीला चिकटून बसणारे बेडूकतोंडे असतील तर ते तिथे नाहीत, असे म्हणण्याआधी रात्री जावे. मोठ्या फळझाडांवर आणि ढोलीवर अवलंबून असलेला धनेश नसेल आणि तशी झाडेही नसतील तर गळती खरी. हा भेद, 'नाही' आणि 'दिसले नाही' यांतला, मला बासेल्गाच्या सूत्राहूनही महत्त्वाचा वाटतो, कारण सूत्र तो करूच शकत नाही.

आणि अंतर्भाव खरा की जातिपालट, यावर निर्णय टांगलेला असतो. खरा अंतर्भाव असेल तर श्रीमंत पायथा राखल्याने माथ्याच्या जातीही राखल्या जातील. जातिपालट असेल तर दोन्ही राखावे लागतील. म्हादई अभयारण्य 1999 साली झाले, भीमगड 2011 साली, तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र 2020 साली. तीन राज्यांनी आपापल्या हद्दीत जंगल राखले. पण यांतले कोणते दुसऱ्याच्या पोटात बसते आणि कोणाकडे स्वतःच्या जाती आहेत, हे हद्दींवरून ठरत नाही.

म्हणून सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पक्षिनिरीक्षकांना विनंती आहे. पुढच्या याद्यांत जातींच्या संख्येआधी किती तास पाहिले ते लिहा, ऋतू लिहा, आणि टक्केवारीऐवजी तीन रकाने छापा: फक्त इथे, फक्त तिथे, दोन्हीकडे.