सांत्वन कोणाच्या समाधानासाठी?

१८ जानेवारी २०२४ रोजी आपल्या वडोदऱ्यात हरणी येथील मोटनाथ तलावात सहलीस आलेल्या शाळकरी मुलांची नाव उलटली आणि बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका असे चौदा जीव गेले. त्या संध्याकाळी ‘आमचे मूल कोठे आहे?’ हा एकच प्रश्न घेऊन पालक धावत होते. अशा घटकेस शेजारधर्म म्हणून आपण त्यांच्यापाशी काय बोलावे? की मुळी बोलूच नये?

हा प्रश्न आम्हांस पडला तो आमच्याच एका चुकीमुळे. काही वर्षांपूर्वी वाडीतील एका घरी मुलाच्या अपघाती मृत्यूची वार्ता आली. आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलेले. देह नश्वर व आत्मा अमर, हे आमच्या जिभेवरच होते. ते सारे आम्ही त्या माउलीस ऐकविले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “त्याला घरी कधी आणणार, एवढं कोणी सांगेल का?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिला हवी होती माहिती. आम्ही दिले तत्त्वज्ञान. ते खोटे नव्हते, परंतु त्या घटकेस ते तिच्यासाठी नव्हते. तिचे दुःख पाहून आमच्या मनाची जी तगमग झाली, तिच्यावरचा तो उतारा होता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली अशा प्रसंगांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. हे काम वैद्याचेच असते असे नाही. थोडे समजून घेतलेला कोणीही शेजारी ते करू शकतो.

त्याच घरी आज जावयाचे झाले तर आम्ही कसे वागू? प्रथम पाहू : कोणाला घेरी येत आहे काय, लहान मुले कोणापाशी आहेत, वृद्धांची औषधे राहिली आहेत काय. मग त्या माउलीजवळ, तिच्याच पातळीवर, बसू, आपले नाव सांगू आणि “मी इथे बसू का?” असे विचारू. पाण्याचा पेला जवळ ठेवू. ती बोलली तर मध्येच न तोडता ऐकू. न बोलली तर उगी राहू. ‘कसे झाले, सगळे सांगा’ असा आग्रह धरणार नाही. मन मोकळे करविलेच पाहिजे, ही समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु दुर्घटनेनंतर लगेच एका बैठकीत सारी हकीकत वदवून घेतल्याने पुढील मनोविकार टळत नाहीत, उलट काहींना अपाय होऊ शकतो, असे अभ्यासांती दिसून आले आहे. ती थरथरत असेल, भान हरपल्यासारखी असेल, तर पाय जमिनीवर टेकवावयास आणि सावकाश श्वास सोडावयास सांगू.

आता तिचा प्रश्न. अपघाती मृत्यूत पोलीस पंचनामा व शवविच्छेदन झाल्यावरच देह ताब्यात मिळतो. म्हणून एकाने रुग्णालयात जाऊन नेमके विचारून यावे आणि जे कळले तेवढेच सांगावे. “अजून वेळ कळलेली नाही, तासाभराने पुन्हा विचारून सांगतो,” हे खरे वाक्य ‘येईलच आता’ ह्या गोड असत्याहून अधिक आधार देते. मात्र तासाभराने सांगितलेच पाहिजे. घरातील लहानग्यासही ‘दादा झोपला आहे’ असे न सांगता, तो मरण पावला, हे सोप्या शब्दांत आपल्या माणसाने सांगावे. नाहीतर ते मूल झोपेलाच भिऊ लागते.

ह्या उपायास मर्यादाही आहेत. रडणे, झोप न येणे, अन्नावरची वासना जाणे, हा आजार नव्हे. बहुतेकांचे ते काळाने ओसरते. परंतु कोणी जीव देण्याची भाषा करू लागला, किंवा स्वतःची वा मुलांची काळजी घेण्यासही असमर्थ झाला, तर त्यास एकटे सोडू नये व तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. महिना लोटूनही नित्याचे व्यवहार अडून राहिले, तरीही तज्ज्ञाची गरज समजावी. भारत सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक ह्यासाठीच आहे.

मग धर्मविचार सांगूच नये काय? सांगावा, परंतु विचारणाऱ्यास. ती माउली पुढे एके दिवशी ‘असे का झाले?’ म्हणून आपणहून विचारील, तेव्हा बोलण्यास जागा आहे. तेराव्यानंतर घर रिते होते. मृत्यूचा दाखला, विम्याचे कागद तसेच पडून असतात. चौदाव्या दिवशी ते कागद लिहून देण्यास जो जातो, त्याच्यापाशीच बहुधा तो प्रश्न विचारला जातो.