न विचारण्याचा अधिकार

इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावी सरकारचं एक गुप्तवार्ता केंद्र आहे, जीसीएचक्यू. परदेशी संदेश पकडणं आणि उलगडणं हे त्याचं काम. तिथल्या कर्मचाऱ्यांना 1947 पासून कामगार संघटनेचं सभासद होता येत होतं आणि नोकरीच्या अटींत महत्त्वाचा बदल करण्याआधी संघटनांशी बोलायचं, असा रिवाज पडला होता. कुठल्या कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं. जानेवारी 1984 मध्ये थॅचर सरकारने एकाएकी जाहीर केलं की आता या संघटनांत राहता येणार नाही. हक्क सोडण्याच्या बदल्यात प्रत्येकी एक हजार पौंड देऊ केले. आधी कुणालाही विचारलं नव्हतं.

संघटना न्यायालयात गेल्या. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचलं आणि नोव्हेंबर 1984 च्या निकालात लॉर्ड डिप्लॉक यांनी सरकारी निर्णय तपासण्याची तीन कारणं नोंदवली. त्यांतली दोन इथे फारशी कामाची नव्हती. बेकायदेशीरपणा म्हणावा, तर नोकरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार मंत्र्याकडे होताच. अविवेक म्हणावा, तर त्याची पातळी फार वरची: कुठल्याही शहाण्या माणसाने घेतलाच नसता, असा निर्णय असावा लागतो. उरली तिसरी बाजू, कार्यपद्धतीतला दोष.

इथे 'रास्त अपेक्षा' उपयोगी पडते. इतकी वर्षं विचारत आलात, तर याही वेळी विचाराल असं मानणं रास्तच. पण अपेक्षा कशाची, हे नीट पाहायला हवं. संघटना टिकावी याची नव्हे, निर्णयाआधी आपलं म्हणणं ऐकून घेतलं जावं, एवढीच. ऐकून घेऊनही सरकारला नाही म्हणता आलं असतं. मग विचारण्याला किंमत काय? मला वाटतं, बरीच. माणसाला न विचारता त्याचं आयुष्य बदलणं आणि त्याचं ऐकून मग नकार देणं, यांतला फरक घरातल्या धाकट्यालाही कळतो.

लॉर्ड्सनी ही अपेक्षा मान्य केली, आणि तरीही संघटना हरल्या. सरकारचं म्हणणं होतं की आधी विचारलं असतं तर ज्या संपांना अटकाव करायचा होता तेच संप पेटले असते. 1979 ते 1981 दरम्यान तिथे काम बंद पडल्याचा दाखला होता. राष्ट्रीय सुरक्षेसाठी काय लागतं हे सरकारने ठरवावं, असं न्यायाधीशांनी मानलं. नुसतं 'सुरक्षा' म्हणून भागणार नाही, निर्णय खरोखर त्याच कारणाने घेतला याचा पुरावा हवा, एवढी अट मात्र घातली.

मला खटकतं ते इथे. विरोध होईल या भीतीने न विचारणं चालत असेल, तर जिथे विचारण्याची सर्वांत जास्त गरज, नेमकं तिथेच ते टाळता येतं. संपाची भीती खोटी नव्हती, हे मान्य. पण बंदीचा हुकूम निघाल्यावर तरी संप टळणार होता का?

सभासदत्व सोडायला नकार दिलेल्या 14 जणांना पुढे नोकरीवरून काढलं गेलं. बंदी उठली 1997 मध्ये, सरकार बदलल्यावर.