चौसष्ट दिवे

कागदावर चार बाय चारची जाळी काढा आणि तिचे दोन बाय दोनचे चार गट पाडा. सुडोकूचंच हे धाकटं रूप: प्रत्येक ओळीत, स्तंभात आणि गटात १ ते ४ हे अंक एकेकदाच. भरायची घाई करू नका. रिकाम्या घरांकडे नुसतं पाहा.

मनात येईल, ओळीतल्या अंकांची बेरीज १० हवी, तेवढं समीकरण पुरे. तसं असेल तर १, १, ४, ४ लिहून पाहा. बेरीज दहाच भरते. अंक वेगळे आहेत की नाहीत, हे बेरजेला कळत नाही.

म्हणून घरात संख्या पाहणं सोडा. त्या जागी चार बारीक दिवे पाहा, प्रत्येक अंकाचा एक. दिवा बंद म्हणजे ०, चालू म्हणजे १. सोळा घरांचे चौसष्ट दिवे झाले. दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घराचा ‘१’चा दिवा म्हणजे `x[2,3,1]`. दुसऱ्या ओळीत १ एकदाच यावा, ही अट आता साध्या बेरजेत मावते:

```
x[2,1,1] + x[2,2,1] + x[2,3,1] + x[2,4,1] = 1
```

स्तंभ आणि गटांसाठीही असंच लिहायचं. शिवाय प्रत्येक घरात एकच दिवा लागावा. चारही प्रकारांची सोळा-सोळा समीकरणं होतात. इथे कमीत कमी किंवा जास्तीत जास्त काही शोधायचं नाही. सगळ्या अटी पाळणारी एखादी मांडणी आहे का, एवढाच प्रश्न. चौसष्ट अज्ञातं आणि चौसष्ट समीकरणं पाहून उत्तर एकच असेल असं वाटतं, पण यातली काही समीकरणं उरलेल्यांतूनच निघतात. कोरी जाळी २८८ प्रकारे भरते.

आता ‘० किंवा १’ ही सक्ती क्षणभर सैल करा. सगळे दिवे पाव उजेडाने लावा. प्रत्येक बेरीज एकच येते! वरच्या डाव्या कोपऱ्यात १ छापून दिला, तरी दुसऱ्या ओळीतला १ तिसऱ्या आणि चौथ्या घरात अर्धा-अर्धा राहू शकतो. समीकरणांची काही तक्रार नसते. कोडं सुटतं ते ‘अर्धा दिवा चालणार नाही’ या हट्टामुळे. सॉल्व्हरलाही अशा ठिकाणी फांद्या फोडून आधी ० आणि मग १ धरून पाहावं लागतं.

ही भरलेली जाळी पाहा:

```
1 2 3 4
3 4 1 2
2 1 4 3
4 3 2 1
```

पहिल्या दोन ओळींतल्या पहिल्या आणि तिसऱ्या घरांवर नजर ठेवा: वर १, ३, खाली ३, १. ही जोडी उलटी करा. ओळी, स्तंभ, गट, काहीच बिघडत नाही. म्हणजे ही चार घरं कोरी ठेवून बाकीची बारा छापली, तरी कोड्याला दोन उत्तरं आहेत. सॉल्व्हर मात्र एक, समजा वरचंच, देऊन थांबेल.

म्हणून मिळालेल्या उत्तरातले सोळा चालू दिवे घ्या, त्यांची बेरीज १५ किंवा कमी हवी अशी नवी अट घाला आणि पुन्हा सोडवा. दुसरं उत्तर पुढे येतं. जुन्या सोळांपैकी बारा दिवे त्यात तसेच जळत असतात. आता त्या चार घरांपैकी पहिल्यात १ छापा आणि तीच अट ठेवून आणखी एकदा सोडवा. या वेळी ‘मांडणी शक्य नाही’ असं येतं. कोडं करणारा याच उत्तराची वाट पाहत असतो.